इमारतीच्या तळघरातलं वेळापत्रक

पुण्यातल्या एखाद्या दहा मजली ऑफिसच्या इमारतीत मे महिन्यातल्या दुपारी लाइट जाते. वर काम करणाऱ्यांना दिवे क्षणभर मिटल्याचं कळतं, संगणक यूपीएसवर चालू राहतात आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं पुन्हा उजळतं. तेवढ्या वेळात तळघरात बरंच काही एकामागोमाग घडून गेलेलं असतं. वीज गेल्याचं एका छोट्या कंट्रोलरनं ओळखलं, त्यानं जनरेटरला सुरू व्हायला सांगितलं, बॅटरीनं इंजिन फिरवलं, डिझेल पोचलं, इंजिननं वेग घेतला, अल्टरनेटरनं ४१५ व्होल्ट उभे केले, बाहेरच्या विजेचा ब्रेकर उघडला आणि जनरेटरचा ब्रेकर मिटला. यातली एक कडी जरी निसटली तरी इमारत अंधारात राहते. ही कडी कदाचित तीन महिन्यांपूर्वीच निसटलेली असते. बाहेरची वीज चालू असेपर्यंत ते कुणाला कळत नाही, एवढंच.

अशा इमारतीच्या यंत्रांची निगा कधी आणि कशी राखायची, याचा वर्षभराचा आराखडा म्हणजे नियोजित प्रतिबंधक देखभाल. या धंद्यातली माणसं त्याला ‘पीपीएम’ म्हणतात. बहुतेक इमारतींत तो एका मोठ्या तक्त्यावर असतो. डावीकडे यंत्रांची नावं, वर ५२ आठवडे आणि मध्ये रंगवलेले चौकोन. ट्रान्सफॉर्मर, एचटी पॅनेल, जनरेटर, चिलर, कूलिंग टॉवर, हवा फिरवणारी एएचयू यंत्रं, पाण्याचे आणि आगीचे पंप, लिफ्ट यांच्यासमोर दर महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा वर्षाला एकदा खूण केलेली असते. चौकोन भरला की काम झालं, असं समजलं जातं. मला या तक्त्याबद्दल एकच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: इथे ‘दर महिन्याला’ का लिहिलं आहे आणि तिथे ‘वर्षाला एकदा’ का? या प्रश्नाला ज्या इमारतीत उत्तर मिळतं, तिथली यंत्रं सहसा दगा देत नाहीत.

उत्तर बऱ्याचदा असं येतं की यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात तसं दिलंय, किंवा आधीच्या कंत्राटदाराचा तक्ता तसाच उचललाय. ब्रिटनमध्ये तर ‘एसएफजी २०’ नावाचे तयार तक्ते आहेत आणि जगभर ते वापरले जातात. सुरुवात करायला हे सगळं चांगलंच आहे. पण मनात एक समजूत घट्ट बसलेली असते, की यंत्र जितक्या वेळा उघडून पाहू तितकं ते सुरक्षित. ती खरी नाही, हे दुसऱ्या महायुद्धातच दिसून आलं होतं. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांच्या नोंदी तपासत होते. ठरावीक तास उडाल्यावर प्रत्येक विमानाची तपासणी होत असे. एका तपासणीपासून जसजसे तास वाढत जातील तसतसे बिघाडही वाढतील, अशी अपेक्षा होती. नोंदींतून दिसलं ते उलट. अनपेक्षित दुरुस्त्या तपासणीच्या लगेच नंतर सर्वाधिक होत्या आणि पुढे कमी होत जात होत्या. म्हणजे उघडण्या-जोडण्याच्या कामातच नवे दोष शिरत होते. सैल राहिलेला बोल्ट, उलटी बसलेली वॉशर, जागेवर न लावलेली वायर असे ते दोष असतात.

पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाच्या भागांपैकी जेमतेम ११ टक्के भागांतच वय वाढेल तसा बिघाड वाढत जाताना दिसतो आणि ६८ टक्के भाग नवे असतानाच जास्त बिघडतात, असं त्यांच्या आकड्यांवरून दिसलं. इमारतीतले पंप आणि पॅनेल म्हणजे विमान नव्हे, त्यामुळे हे टक्के जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पट्टे, फिल्टर, पंपाचे सील झिजतात आणि वेळेवर बदलावेच लागतात. पण या कामामुळे विचाराची दिशा मात्र बदलली. कामाची वारंवारता ठरवताना आता तीन गोष्टी विचारल्या जातात. हा भाग वापरानं झिजतो का? बिघडण्याआधी तो काही इशारा देतो का, आणि इशारा दिल्यापासून बंद पडेपर्यंत किती वेळ मिळतो? आणि तो बिघडला तर रोजच्या कामात कुणाच्या लक्षात येईल, की तो गुपचूप पडून राहील?

जनरेटर या तिसऱ्या जातीचा आहे. तो वर्षातले बहुतेक तास उभाच असतो. जनरेटर सुरू न होण्यामागे सर्वात जास्त वेळा दोष निघतो तो इंजिनात नव्हे, स्टार्टरच्या बॅटरीत. इथे एक फसवणूक होते. बॅटरीला चार्जर कायम जोडलेला असतो, त्यामुळे पॅनेलवरचं मीटर २७ व्होल्ट दाखवतं. तपासणाऱ्यानं ‘बॅटरी: ओके’ असं लिहिलं तर ते खोटंही नसतं. पण तो आकडा चार्जरचा असतो. बॅटरीत ताकद किती उरली आहे, हे ती प्रत्यक्ष इंजिन फिरवते तेव्हाच कळतं. म्हणून आठवड्याच्या चाचणीत इंजिन सुरू करताना व्होल्टेज खाली किती गेलं, तो सर्वात खालचा आकडा लिहायचा. २४ व्होल्टच्या जोडीसाठी तो सुमारे १९ च्या वर राहायला हवा. समजा नोंदवहीत तीन महिन्यांत २१.६, मग २१.३, मग २०.५, मग १९.८ असे आकडे दिसले. जनरेटर प्रत्येक वेळी सुरू झालेलाच आहे, तरी बॅटरी संपत आली आहे हे या उतरंडीवरून स्पष्ट दिसतं. मग पुढच्या आठवड्यात दोन्ही बॅटऱ्या एकदम बदलायच्या. एकच बदलली तर जुनी नवीला ओढून खाली आणते.

इशारा मिळाल्यापासून बंद पडेपर्यंतचा काळ दोन महिन्यांचा असेल, तर तपासणी जास्तीत जास्त त्याच्या निम्म्या काळाने, म्हणजे महिन्याला तरी व्हायला हवी. नाहीतर इशारा दोन तपासण्यांच्या मधल्या काळात येतो आणि निघूनही जातो. वारंवारता ठरवण्याचा हा साधा नियम आहे. यंत्र किती महाग आहे किंवा किती मोठं आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आठवड्याची चाचणी मात्र छोटी ठेवायची. जनरेटर बिनभाराचा तासभर चालवला तर इंजिन पुरेसं तापत नाही. डिझेल पूर्ण जळत नाही आणि न जळलेलं तेल आणि काजळी एक्झॉस्टच्या बाजूला साचत जाते. सायलेन्सरच्या सांध्यांतून काळा चिकट द्रव गळताना दिसला की समजावं, हा सेट नेहमी रिकामाच फिरवला गेला आहे. म्हणून आठवड्याला पाच-दहा मिनिटं बिनभाराचा आणि महिन्यातून एकदा निदान अर्धा तास, क्षमतेच्या ३० टक्क्यांहून अधिक खऱ्या भारावर चालवायचा. तेल आणि फिल्टर बदलण्याचं काम बहुतेक कंपन्या ठरावीक तासांनी किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा करायला सांगतात. ऑफिसमधल्या जनरेटरचे तास वर्षभरात फार होत नाहीत, म्हणून तिथे वर्षच आधी येतं. पावसाळा संपल्यावर डिझेलच्या टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी काढणं हे आणखी एक छोटं काम. दमट हवेतलं पाणी टाकीत उतरतं आणि ऐन वेळी फिल्टरमध्ये अडकतं.

महिन्याची चाचणी कशी करायची, यावर बरंच अवलंबून असतं. जनरेटरच्या पॅनेलवरचं बटण दाबून तो सुरू केला, तर बॅटरी आणि इंजिन तपासलं गेलं. पण वीज गेल्याचं ओळखणारा कंट्रोलर आणि भार बदलणारे ब्रेकर तसेच अस्पर्श राहिले. खरी चाचणी म्हणजे शनिवारी संध्याकाळी, भाडेकरूंना आधी कळवून, बाहेरून येणाऱ्या विजेचा ब्रेकर उघडायचा आणि हात खिशात ठेवून उभं राहायचं. सगळं आपोआप झालं पाहिजे. लिफ्ट पुन्हा चालू झाल्या का, पंप एकदम न उठता एकामागोमाग उठले का, वीज परत आल्यावर भार नीट परतला का, हे सगळं त्यात दिसतं. इमारतींचे व्यवस्थापक या चाचणीला घाबरतात, हे मी जाणून आहे. काही बिघडलंच तर तक्रारी येतील म्हणून. पण बिघडायचंच असेल तर ते शनिवारी संध्याकाळी, तंत्रज्ञ समोर उभा असताना बिघडलेलं बरं.

किती वेळा चाचणी घ्यायची, याचा एक सोपा हिशेबही आहे. समजा भार बदलणारी ही सगळी यंत्रणा सरासरी पाच वर्षांतून एकदा गुपचूप बिघडते. वर्षातून एकदाच चाचणी घेतली तर बिघाड सरासरी सहा महिने न कळता पडून राहतो. पाच वर्षांतले सहा महिने म्हणजे दहा टक्के काळ. याचा अर्थ दर दहा वेळा वीज गेल्यावर एकदा अंधार. तीच चाचणी दर महिन्याला घेतली तर न कळलेला काळ सरासरी पंधरा दिवसांवर येतो, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. यंत्र तेच, बिघाडाची शक्यताही तीच. फरक फक्त तो कधी कळतो याचा आहे. हा सगळा हिशेब अर्थातच चाचणी पूर्ण साखळीची असेल तरच लागू पडतो.

आगीच्या पंपांचंही असंच आहे आणि तिथे चूक जिवावर बेतते. सर्वसाधारण इमारतीत तीन पंप असतात. पाइपातला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप, विजेवरचा मुख्य पंप आणि वीज नसेल तेव्हासाठी डिझेलचा. समजा जॉकी सात किलो दाबाला सुरू होतो, मुख्य पंप सहाला आणि डिझेलचा पाचला. बऱ्याच ठिकाणी चाचणी म्हणजे पंपाचं बटण दाबणं. पण आग लागल्यावर बटण दाबायला तिथे कुणी नसतं. पाइपातला दाब उतरला की प्रेशर स्विचनं तो ओळखून पंप सुरू करायचा असतो. म्हणून चाचणी घ्यायची ती ड्रेनचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडून, दाबमापकावर नजर ठेवून. कोणता पंप कोणत्या दाबाला उठला ते लिहायचं. अमेरिकेचं एनएफपीए २५ हे मानक डिझेल पंप दर आठवड्याला अर्धा तास चालवायला सांगतं आणि वर्षातून एकदा पाणी प्रत्यक्ष सोडून पंप पूर्ण क्षमतेनं मोजायला सांगतं. चाचणीनंतर शेवटचं काम सर्वात महत्त्वाचं. पंपाचा निवड-स्विच पुन्हा ‘ऑटो’वर आहे ना, हे दुसऱ्या माणसानं पाहून सही करायची. पाणी गळतंय म्हणून किंवा प्लंबरचं काम चाललंय म्हणून कुणीतरी तो ‘मॅन्युअल’वर टाकतो आणि तो तसाच राहून जातो. उत्तम स्थितीतला पंप त्या एका खटक्यामुळे निकामी असतो.

जॉकी पंप दिवसाला किती वेळा सुरू होतो, हाही एक बोलका आकडा आहे. दिवसाला चार वेळा उठणारा पंप वीस वेळा उठू लागला तर कुठेतरी गळती आहे, किंवा पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वर्षातल्या दोन दिवसांचं चित्र असतं. मधले आठवडे इमारतीतल्या माणसांनाच सांभाळायचे असतात.

सगळीच यंत्रं अशी गप्प नसतात. काही सतत बोलत असतात आणि तिथे दिनदर्शिकेपेक्षा यंत्राचं ऐकावं. वातानुकूलनाचा चिलर हे त्याचं चांगलं उदाहरण. पाण्यानं थंड होणाऱ्या चिलरमध्ये कंडेन्सरच्या नळ्यांतून कूलिंग टॉवरचं पाणी फिरतं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांच्या आत क्षार साचतात आणि उष्णता बाहेर पडायला अडचण होते. हे उघडून पाहायची गरज नसते. चिलरच्या पडद्यावर गॅस द्रवरूप होतो ते तापमान आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान, दोन्ही दिसतात. त्यांच्यातलं अंतर स्वच्छ नळ्यांना सुमारे दीड अंश असतं. ते चारवर गेलं तर नळ्या घाण झाल्या.

या अडीच अंशांची किंमतही काढता येते. तापमानाच्या प्रत्येक अंशामागे चिलर साधारण दोन ते तीन टक्के जास्त वीज खातो. अडीचशे टनांचा चिलर दीडशे किलोवॅट घेत असेल, तर सहा टक्क्यांनी नऊ किलोवॅट वाढले. दिवसाला दहा तास, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर सव्वादोन हजार युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याला साडेबावीस हजार रुपये फुकट गेले. नळ्यांत ब्रश फिरवून त्या साफ करायला एक-दोन दिवस लागतात. म्हणजे ‘वर्षातून एकदा कंडेन्सर साफ करा’ असं लिहिण्यापेक्षा ‘रोज अंतर नोंदवा, तीन अंशांवर गेलं की साफसफाई ठरवा’ असं लिहिणं जास्त शहाणपणाचं आहे. चांगलं पाणी असलेल्या इमारतीत ही साफसफाई वर्षाहून लांबेल, वाईट पाणी असलेल्या इमारतीत सहा महिन्यांत करावी लागेल. ती वारंवार करावी लागत असेल तर मूळ दुखणं पाण्याच्या प्रक्रियेत आहे. एएचयूच्या फिल्टरचंही तसंच. रस्त्याचं खोदकाम चालू असलेल्या बाजूचे फिल्टर तीन आठवड्यांत भरतात, मागच्या बाजूचे दोन महिने चालतात. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारं साधं मापक लावलं की हा भेद दिसतो.

पॅनेलमधल्या विजेच्या जोडांचं बोलणं उष्णतेत ऐकू येतं. सैल झालेला जोड तापतो आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून तो लाल दिसतो. ही पाहणी पॅनेलवर पुरेसा भार असतानाच करायची, निदान चाळीस टक्के. रविवारी रिकाम्या इमारतीत काढलेले फोटो निरुपयोगी असतात. एका ब्रेकरच्या तीन फेजांची तुलना करायची. दोन ४८ अंशांवर आणि मधली ७१ वर असेल, तर भार सारखा असूनही मधला जोड सैल आहे. म्हणून मार्चअखेर, एसीचा भार वाढू लागला की ही पाहणी करायची आणि एप्रिलमधल्या वार्षिक शटडाउनमध्ये सापडलेलेच जोड घट्ट करायचे. सगळ्या पॅनेलचे सगळे बोल्ट दरवर्षी पुन्हा आवळण्याची पद्धत मला पटत नाही. जास्त आवळल्यानं पट्टी दबते, धागे खराब होतात. शटडाउननंतर आठवड्याभरात हीच पाहणी पुन्हा करायची, कारण उघडलेल्या पॅनेलमध्ये काय नवीन राहून गेलं ते तेव्हाच दिसतं. वॉडिंग्टन यांच्या आलेखातला तपासणीनंतरचा चढ इथे पकडता येतो.

आपल्याकडच्या वर्षाला स्वतःचा आकार आहे, हे परदेशी तक्त्यांत नसतं. एप्रिल-मेमध्ये चिलरवर सर्वाधिक भार असतो, म्हणून त्यांची मोठी कामं डिसेंबर ते फेब्रुवारीत, एका वेळी एक चिलर बंद ठेवून करायची. अर्थिंगचा रोध मात्र मुद्दाम उन्हाळ्यात, कोरड्या जमिनीत मोजायचा. ऑगस्टमध्ये मोजलेला एक-दीड ओहमचा सुंदर आकडा ओल्या मातीचा असतो. तोच खड्डा मे महिन्यात पाच ओहम दाखवू शकतो आणि दोष आला तर मे महिन्यातच आकडा कामी येतो. तळघरातल्या पाणी उपसणाऱ्या पंपांची वेळ मेच्या शेवटच्या पंधरवड्यात. खड्ड्यात पाणी सोडून, फ्लोट आपोआप वर उचलला जाऊन पंप सुरू होतो का, पहिला बंद केला तर दुसरा उठतो का, आणि वीज गेली असताना जनरेटरवर ते चालतात का, हे पाहायचं. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर तळघरात विजेचं पॅनेल असलेल्या कुठल्याही इमारतीनं ही चाचणी जूनवर ढकलू नये.

आता सुट्या भागांकडे वळू. कोणते भाग इमारतीत ठेवायचे, हे ठरवताना लोक किमतीकडे पाहतात. स्वस्त ते ठेवतात, महाग ते टाळतात. खरं म्हणजे तो भाग नसेल तर काय बंद पडतं, किती दिवस बंद राहतं आणि दुसरं यंत्र काम सांभाळू शकतं का, हे पाहायला हवं. एचटी ब्रेकरची ट्रिप कॉइल मूठभर आकाराची आणि त्या पॅनेलच्या मानानं नगण्य किमतीची असते. पण ती जळली तर दोष आल्यावर ब्रेकर उघडणारच नाही. जुन्या ब्रेकरची कॉइल बाजारात शोधायला आठवडे लागू शकतात. ती कपाटात असलीच पाहिजे. तसंच अल्टरनेटरचं व्होल्टेज सांभाळणारं एव्हीआर कार्ड, आगीच्या पंपाचा प्रेशर स्विच, उपसा पंपाचा फ्लोट. आणि तळघर खोल असेल तर एक अख्खा उपसा पंप, कारण अतिवृष्टीच्या दिवशी दुकानही बंद असतं आणि रस्ताही.

चिलरच्या कंट्रोल कार्डाचं उदाहरण जरा सविस्तर पाहू. इमारतीत दोन चिलर आहेत. थंडीत एक पुरतो, एप्रिल-मेमध्ये दोन्ही लागतात. कार्ड बाहेरून मागवावं लागतं आणि यायला दहा आठवडे लागतात. समजा एक कार्ड सरासरी आठ वर्षांतून एकदा जातं. दोन चिलर म्हणजे सरासरी चार वर्षांतून एकदा हा प्रसंग येणार. कपाटात कार्ड नसेल आणि ते मार्चअखेर गेलं, तर अख्खा उन्हाळा इमारत अर्ध्या थंडाव्यावर काढणार. एक कार्ड ठेवलं तर बिघाड एका दिवसात दुरुस्त होतो. वापरलेल्याच्या जागी नवं येईपर्यंतच्या दहा आठवड्यांत दुसरंही कार्ड जाण्याची शक्यता सुमारे पाच टक्के. म्हणून एक ठेवावं, दोन ठेवण्याची गरज नाही. दोन्हींपैकी एक चिलर वर्षभर राखीव राहत असता, तर एकही ठेवलं नसतं तरी चाललं असतं. उत्तर कार्डावर नाही, इमारतीवर अवलंबून आहे.

कंप्रेसर, ट्रान्सफॉर्मर असे मोठे भाग कपाटात ठेवायचे नसतात. त्यांच्यासाठी देखभालीच्या करारातच लिहून घ्यायचं की किती तासांत माणूस येईल, किती दिवसांत भाग मिळेल आणि तोवर भाड्याचा चिलर किंवा जनरेटर कोण आणून देईल. भाड्याचा जनरेटर आणला तर तो जोडायचा कुठे, केबल कुठून न्यायची, हेही आधीच ठरवून पॅनेलवर तशी जागा सोडलेली हवी. बॅटऱ्यांचा साठाही करू नये. पडून राहिल्या की त्या आपोआप उतरतात आणि सहा महिन्यांत पुन्हा चार्ज कराव्या लागतात. त्या जवळच्या विक्रेत्याकडेच राहिलेल्या बऱ्या. रबरी सील आणि पट्टेही कडक होतात, म्हणून पाकिटावर आल्याची तारीख लिहायची आणि जुना आधी वापरायचा. मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह नुसते ठेवले तर आतले कपॅसिटर कमजोर होतात. वर्षातून एकदा त्यांना वीज द्यावी लागते. राखीव मोटर पडून असेल तर दर महिन्याला तिचा दांडा हातानं फिरवून ठेवावा, नाहीतर एकाच जागी दाब राहून बेअरिंगवर खुणा उमटतात. म्हणजे सुट्या भागांच्या कपाटालाही तक्त्यात स्वतःची ओळ लागते.

शेवटी हे सगळं कागदावर कसं उतरतं ते पाहायला हवं. ‘पंप तपासणे’ असं काम लिहिलं तर उत्तर ‘ओके’ येणार. तंत्रज्ञ आळशी आहे असं त्यावरून म्हणता येणार नाही, त्याला विचारलंच तेवढं. तेच काम ‘बेअरिंगच्या घराचं तापमान मोजा, ७५ अंशांवर गेलं तर सुपरवायझरला कळवा’ असं लिहिलं तर आकडा येतो. आकडे ओळीनं लावले की उतरंड किंवा चढण दिसते. ओळीतले सगळे आकडे तंतोतंत सारखे असतील तर कुणीतरी वरच्या मजल्यावर बसून वही भरली आहे. मग त्या माणसाला एका पाळीत किती कामं दिली आहेत ते मोजावं. चाळीस कामं आठ तासांत होत नसतील तर वही अशीच भरली जाणार.

वर्षाच्या अखेरीस तक्ता पुन्हा काढून बसायचं. एखाद्या कामात वर्षभर काहीच सापडलं नसेल आणि तो भाग इशारा देणारा असेल, तर अंतर वाढवता येईल. मात्र आगीच्या पंपाची किंवा जनरेटरची चाचणी ‘काहीच सापडत नाही’ म्हणून विरळ करू नये. तिथे काही न सापडणं हाच चाचणीचा निकाल असतो. आणि ज्या यंत्रानं तक्त्यात चौकोन भरलेला असूनही मध्येच दगा दिला, त्याच्यासमोर लिहायचं: इशारा काय होता, तो कुठे दिसला असता आणि तो पाहण्याचं काम कुणाच्या यादीत नव्हतं. पुढच्या वर्षाच्या तक्त्यातली पहिली दुरुस्ती तिथूनच करायची.